तेरीज जुळत नाही: 1,800 चा फरक 9 ने भागला जातो, पण उलटलेला आकडा कुठेच नाही

दारव्हा_कृषी_केंद्र
नमस्कार मंडळी. आमचं गावात छोटं कृषी केंद्र आहे. बी-बियाणं, खत, थोडी औषधं. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा 31 मार्चची तेरीज मी काढते आहे. वह्या हातानेच लिहिलेल्या आहेत: एक किर्द, एक खतावणी आणि शेतकऱ्यांची वेगळी उधारी वही. उधारी वही बाबा सांभाळतात. तिच्यात साठेक शेतकऱ्यांची पानं आहेत.

नावे बाजूची बेरीज 16,93,540 येते आणि जमा बाजूची 16,91,740. नावे 1,800 ने जास्त. बेरजा खालून वर, वरून खाली, दोन्हीकडून केल्या. खतावणीतल्या बाक्या यादीत बरोबर उतरल्या आहेत. मागच्या वर्षीच्या ताळेबंदातून आणलेल्या बाक्याही जुळतात. आता कुठे शोधू?

आणि दुसरा प्रश्न बाबांचा आहे. ते म्हणतात, "गल्ल्यातली रोकड जुळते, बँकेचं पासबुक जुळते, मग दोन्ही बेरजा सारख्या यायलाच पाहिजेत असं काहून?" मला उत्तर माहीत आहे असं वाटत होतं, पण त्यांना पटेल असं सांगता आलं नाही.

कॉमर्सवाले_सर
1,800 ला 9 ने भागून बघा. 200 येतात, बाकी शून्य. याचा अर्थ कुठेतरी आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. 5,340 च्या जागी 3,540, असं काहीतरी. हजाराचा आणि शेकड्याचा अंक एकमेकांच्या जागी गेला असेल आणि त्या दोन अंकांत 2 चा फरक असेल, तरच 1,800 येतात. त्यामुळे सगळे आकडे बघायची गरज नाही. ज्यात हजार आणि शेकडा यांत 2 चा फरक आहे, तेवढेच आकडे किर्दीशी ताडून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

टॅली_अकोला
ताई, हातानं लिहिता कशाला? टॅलीत टाका सगळं. माझी तेरीज आजवर कधीच चुकली नाही. व्हाउचरच्या दोन बाजू सारख्या नसतील तर ते सेव्हच होत नाही.

दारव्हा_कृषी_केंद्र
@सर, काल रात्री हेच केलं. तसे 14 आकडे निघाले. सगळे किर्दीशी जुळतात. हमालीच्या खात्यावर एक 7,530 होता, त्यावर संशय आला, पण पावतीही 7,530 चीच आहे.

@टॅली_अकोला, पुढच्या वर्षी टाकूच. पण टाकायच्या आधी सुरुवातीच्या बाक्या तर बरोबर हव्यात ना.

जुना_गटसचिव
मुली, आधी तुझ्या बाबांचा प्रश्न घेतो, कारण शोध कुठे घ्यायचा ते त्याच उत्तरातून निघतं.

दुकानात होणारा प्रत्येक व्यवहार आपण दोन खात्यांवर लिहितो आणि दोन्हीकडे रक्कम तीच असते. दोन बॅगा डीएपी उधारीवर दिली, तर शेतकऱ्याच्या नावे 2,700 आणि विक्रीला जमा 2,700. त्याने पैसे दिले, तर रोख नावे 2,700 आणि शेतकऱ्याला जमा 2,700. वर्षभर असंच चाललं, तर सगळ्या नावे रकमांची बेरीज आणि सगळ्या जमा रकमांची बेरीज सारखीच राहणार, दुसरं काही होऊच शकत नाही. तेरजेत आपण प्रत्येक खात्याची फक्त बाकी घेतो. म्हणजे त्या खात्यातले नावे आणि जमा एकमेकांतून वजा झालेले असतात. दोन्हीकडून सारखंच वजा होतं, म्हणून उरलेल्या बाक्याही जुळतात.

रोकड जुळते यावरून एवढंच कळतं की रोख खातं बरोबर आहे. त्या रोखीची दुसरी बाजू कुठे गेली, ते रोकड सांगत नाही. कुणाचे आलेले 5,000 किर्दीत रोखीला लिहिले आणि त्याच्या पानावर चढवायचे राहिले, तर गल्ला अगदी बरोबर राहील आणि तेरीज मात्र 5,000 ने चुकेल.

आता तुझा शोध. फरक पडला याचा अर्थ एकच: कुठेतरी एखाद्या व्यवहाराची एक बाजू चढली आणि दुसरी चढली नाही, किंवा वेगळ्या रकमेने चढली, किंवा उलट्या बाजूला चढली, किंवा बाकी काढताना वा यादीत घेताना चूक झाली. तुझ्या तीन वह्यांपैकी एक वही अशी आहे जिच्यात असं सहज होऊ शकतं. उधारी वही. ती किर्दीवरून लिहिली जाते, की बाबा शेतकरी समोर असताना थेट तिच्यातच लिहितात?

दारव्हा_कृषी_केंद्र
बहुतेक वेळा किर्दीवरून. पण हंगामात गर्दी असली की थेटही लिहितात आणि रात्री किर्दीत उतरवतात. उधारीची यादीही बाबांनीच करून दिली. तिची बेरीज 2,46,850, तीच मी तेरजेत नावे घेतली.

जुना_गटसचिव
मग आता एकच गोष्ट कर. उधारी वही बाजूला ठेव आणि फक्त किर्दीवरून एकूण उधारी काढ. वर्षाच्या सुरुवातीची एकूण उधारी घे, तिच्यात वर्षभराची उधार विक्री मिळव, त्यातून वर्षभराची वसुली वजा कर. वसुलीत रोख, बँक, फोनवरून आलेले, सगळे पैसे धर. जो आकडा येईल तो बाबांच्या यादीच्या बेरजेशी ताडून बघ. जुळला तर उधारी वही निर्दोष आहे, दुसरीकडे शोधू. नाही जुळला आणि फरक 1,800 चाच निघाला, तर साठ पानांच्या बाहेर जायचं कारण नाही.

कास्तकार_बाप्पा
मी काही हिशेबातला माणूस नाही, पण सांगतो. मागच्या साली आमच्या गावच्या दुकानदारानं मले 3,000 चा तगादा लावला. मी तर पैसे देऊन बसलो होतो! त्याच्या वहीत माहे पैसे दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर चढले होते, आडनाव एकच. तर पोरी, तुह्या वहीतबी असंच झालं असंल. एका आडनावाचे लोक तपासून घे.

जुना_गटसचिव
@कास्तकार_बाप्पा, भाऊ, तुमच्यासोबत झालं ते वाईटच. पण अशी चूक तेरजेत दिसत नाही. तुमचे 3,000 दुसऱ्याच्या पानावर जमा झाले, म्हणजे जमा तर झालेच. एकूण उधारी तेवढीच राहिली, तेरीज जुळली आणि दुकानदाराला वाटलं सगळं ठीक आहे. ती चूक शेतकरी बोलला तरच सापडते. म्हणून वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला त्याची बाकी वाचून दाखवून सही घ्यावी, असं मी आमच्या सेवा सोसायटीत नेहमी सांगायचो. इथे मात्र 1,800 चा फरक पडला आहे, तेव्हा ही चूक वेगळी आहे.

दारव्हा_कृषी_केंद्र
केलं. किर्दीवरून असं आलं: सुरुवातीची उधारी 1,98,300, वर्षभराची उधार विक्री 6,09,400, वसुली 5,62,650. म्हणजे उरायला हवेत 2,45,050.

बाबांची यादी 2,46,850.

फरक 1,800! अगदी तोच!

जुना_गटसचिव
छान. आता भाडं, पगार, हमाली, खरेदी यांची पानं मिटून ठेव. सगळा फरक उधारी वहीत आहे.

आता वहीत दोन गोष्टी बघ. पहिली, बाबांच्या यादीतल्या प्रत्येक शेतकऱ्याची बाकी खरंच नावे आहे का. सगळे देणेकरी असतात या सवयीने माणूस डोळे झाकून एकाच रकान्यात लिहित जातो. दुसरी, वहीतल्या प्रत्येक नोंदीपुढे किर्दीच्या पानाचा आकडा आहे का.

कॉमर्सवाले_सर
गटसचिवसाहेब, पद्धत पटली. पण मग 1,800 चे निम्मे 900 हाही धागा आहेच. 900 ची बाकी जमा असताना नावे धरली असेल, तर फरक दुप्पट, म्हणजे 1,800 येतो. 900 बाकीचा शेतकरी शोधा, लगेच सापडेल.

दारव्हा_कृषी_केंद्र
900 बाकीचा एकही नाही. पण एक भलतंच सापडलं. वहीत एका शेतकऱ्याच्या पानावर फेब्रुवारीत तूर विकल्यानंतर 10,000 जमा आहेत. त्याची आधीची उधारी होती 7,750. बाबा म्हणाले, त्याने "राहू द्या, जूनमध्ये खत लागेलच" म्हणून पूर्ण दहा हजार ठेवले. म्हणजे त्याचे 2,250 आपल्याकडे जमा आहेत. आणि यादीत तो 2,250 नावे!

मी यादी दुरुस्त केली. नावेतून 2,250 काढले आणि जमा बाजूला "आगाऊ जमा" म्हणून 2,250 घेतले. आता नावे 16,91,290 आणि जमा 16,93,990. आधी नावे 1,800 ने जास्त होते, आता जमा 2,700 ने जास्त झाले. चूक सुधारली आणि फरक वाढला. हे बरोबर केलं ना?

कॉमर्सवाले_सर
फरक वाढला म्हणजे ही दुरुस्ती चुकीची असावी. परत जसं होतं तसं करून बघा.

जुना_गटसचिव
सर, नाही हो. त्या माणसाचे पैसे आपल्याकडे आहेत हे वही सांगते आणि बाबाही सांगतात. खरं काय ते समोर आहे, मग फरकासाठी ते खोटं कसं करायचं? दुरुस्ती बरोबरच आहे. वहीत दोन चुका होत्या आणि त्या उलट्या दिशांना ओढत होत्या. एकीने नावे बाजू 4,500 ने फुगवली होती, दुसरीने 2,700 ने कमी केली होती. दिसत होता तो दोघींमधला फरक, 1,800. म्हणून ना 9 चा नियम लागला ना निम्म्याचा. ते दोन्ही नियम एकच चूक असेल तरच चालतात.

आणि 9 च्या नियमाबद्दल खताच्या दुकानदारांनी एक लक्षात ठेवावं. डीएपीची बॅग 1,350 ची. 1,350 ला 9 ने भागलं तर पूर्ण 150 येतात. म्हणजे एक, दोन, दहा, कितीही बॅगांची नोंद एका बाजूला राहून गेली, तरी फरक 9 ने भागला जाणारच. आपल्या धंद्यात तो नियम माणसाला उलटलेल्या आकड्यांच्या मागे उगाच फिरवतो.

आता 2,700 बघ. किती बॅगा?

दारव्हा_कृषी_केंद्र
दोन! थांबा, वही बघते.

ग्रामसंघ_वाशिम
मी आमच्या ग्रामसंघाचे हिशेब लिहिते. आमच्याकडे कधी असा थोडा फरक राहिला, तर तो किरकोळमध्ये टाकून मोकळं व्हा, असं एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. 2,700 साठी एवढं शोधायचं का? वेळ तर जातोच.

जुना_गटसचिव
ताई, या बाबतीत मी अगदी ठाम आहे. नका टाकू. हिनं सुरुवातीलाच 1,800 किरकोळ उत्पन्न म्हणून जमेला टाकले असते, तर तेरीज जुळली असती आणि दुकानाला न झालेला 1,800 चा नफा दिसला असता. शिवाय यादीत तो शेतकरी 2,250 देणं लागतो असंच राहिलं असतं. जूनमध्ये तो खत न्यायला येईल तेव्हा यादी हातात घेऊन बसलेला माणूस त्याच्याकडे पैसे मागेल, आणि तो बिचारा पैसे ठेवून गेला आहे.

अगदीच वेळ नसेल, सीएकडे कागद द्यायची तारीख आली असेल, तर फरक सस्पेन्स खात्यात ठेवावा. जी बाजू कमी आहे तिकडे. पण ते खातं उघडं दिसतं, कुणीही विचारतो "हे काय आहे?", आणि म्हणून ते शोधलं जातं. किरकोळमध्ये गेलेलं कधीच परत शोधलं जात नाही.

ग्रामसंघ_वाशिम
पटलं. मग माझ्याकडे मागच्या वर्षीचे 640 तसे गेलेत, ते उकरून काढावे लागतील. बघते.

दारव्हा_कृषी_केंद्र
सापडलं! उधारी वहीत, जुलैमध्ये. "डीएपी 2 परत, 2,700 जमा." बाबांच्या अक्षरात. पुढे किर्दीच्या पानाचा रकाना कोरा. बाबांना आठवलं: पाऊस लांबला, पेरणी मोडली, दुबार पेरणीला त्याने दुसरं खत घेतलं आणि या दोन बंद बॅगा परत आणून दिल्या. गर्दी होती, म्हणून थेट वहीत लिहिलं. किर्दीत उतरलंच नाही. त्यामुळे शेतकऱ्याला 2,700 जमा मिळाले, पण विक्री परत खात्याला नावे पडलेच नाहीत.

विक्री परत 2,700 नावे घेतले. दोन्ही बेरजा 16,93,990. जुळली!!

बाबा शेजारी बसून होते. जुळल्यावर त्यांनी स्वतः त्या कोऱ्या रकान्यावर पेन्सिलीने गोल केला.

जुना_गटसचिव
शाब्बास पोरी. आता दोन बारकाव्यांकडे लक्ष दे. विक्रीचा आकडा वर्षभर 2,700 ने जास्त दिसत होता, तो आता विक्री परतमुळे खरा झाला. आणि त्या दोन बॅगांचं काय झालं ते बाबांना विचार. पुन्हा विकल्या गेल्या असतील तर ती विक्री वेगळी नोंदलेली असेलच. गोदामात असतील तर 31 मार्चच्या मालाच्या मोजणीत त्या आल्यात की नाही ते पाहा. शेवटचा माल मोजणीवरून ठरतो, तेव्हा तेरीज जुळली तरी मालाचा आकडा बरोबर आहे असं तिच्यावरून कळत नाही.

कॉमर्सवाले_सर
मान्य, माझा सल्ला घाईचा होता. पण एक मुद्दा आहे. किर्दीत नोंद कशी करणार? शेतकऱ्याला 2,700 आधीच जमा आहेत. आता किर्दीत "विक्री परत नावे, शेतकरी जमा" अशी पूर्ण नोंद केली आणि दोन्ही बाजू चढवल्या, तर शेतकऱ्याला दुसऱ्यांदा जमा होतील. तेरीज तर जुळेल, पण त्याची बाकी चुकेल.

जुना_गटसचिव
अगदी खरं. किर्दीत 31 मार्चला नोंद पूर्णच करायची, दोन्ही बाजू, खाली स्पष्टीकरणात लिहायचं की जुलैतला परत आलेला माल किर्दीत राहून गेला होता. विक्री परत खात्यावर रक्कम चढवायची. शेतकऱ्याच्या पानावर नवी रक्कम लिहायची नाही, जुलैच्या जुन्या नोंदीपुढच्या कोऱ्या रकान्यात या किर्दीच्या पानाचा आकडा टाकायचा. उद्या कुणी तपासलं तरी एका बाजूला एकच रक्कम सापडेल.

कॉमर्सवाले_सर
आणि ते 2,250 आगाऊ? जमा बाजूला वेगळे दाखवायचे, की उधारीतून वजा करून 2,42,350 अशी एकच रक्कम घ्यायची? मी मुलांना दोन्ही प्रकारे शिकवलेलं पाहिलं आहे.

जुना_गटसचिव
तेरीज दोन्हीकडून जुळते. मी वेगळंच दाखवतो. एकाची उधारी दुसऱ्याच्या आगाऊ पैशांतून फिटत नाही, आणि ताळेबंदात ते देणं म्हणून दिसलं पाहिजे.

टॅली_अकोला
आमचे सीए वजा करूनच घेतात, आजवर कुणी काही म्हटलं नाही.

बाकी वरती मी म्हणालो होतो की टॅलीत तेरीज चुकत नाही. आज आमच्याच कंपनीत बघितलं तर खाली `Difference in opening balances` म्हणून 4,120 दिसतंय. ते काय आहे?

जुना_गटसचिव
तेच, जे इथे चाललं आहे. जुन्या वहीतून बाक्या टाकताना त्या जुळत नव्हत्या. टॅली व्हाउचरच्या दोन बाजू सारख्या करायला लावतं, पण सुरुवातीच्या बाक्या तुम्ही टाकाल तशा घेतं आणि फरक त्या ओळीत दाखवतं. तुम्ही टॅली सुरू केली त्या दिवशीचा ताळेबंद काढा आणि एकेक खातं ताडून बघा. उधारीवाल्यांपासून सुरुवात करा.

टॅली_अकोला
त्या वर्षीची उधारी वही मिळते का बघावं लागेल. दुकान बदललं तेव्हा बरंच सामान इकडं तिकडं झालं.

दारव्हा_कृषी_केंद्र
सगळ्यांचे आभार. एक शेवटचं. पुढच्या वर्षी 31 मार्चपर्यंत थांबायला नको म्हणून दर महिन्याला उधारीचा तो ताळा करणार आहे: सुरुवात अधिक उधार विक्री वजा वसुली वजा परत, आणि तो वहीच्या बेरजेशी. हंगामात जून-जुलैमध्ये दर आठवड्याला केला तर चालेल का? बाबा म्हणतात तेवढा वेळ नसतो.

आणि युरियाची बॅग 266.50 ला आहे. बाबा सुटे नसले की 266 घेतात आणि किर्दीत विक्री 266.50 लिहितात. 50 पैशांचं काय करायचं?

जुना_गटसचिव
जून-जुलैत आठवड्याला कर. साठ पानांची बेरीज पहिल्यांदाच वेळखाऊ होते. त्यानंतर फक्त ज्यांच्या पानावर हालचाल झाली तेवढ्याच बाक्या बदलायच्या असतात.

50 पैशांसाठी "सूट" नावाचं खातं उघड आणि दिवसाच्या शेवटी एकदाच नोंद कर. सात बॅगांवर 3.50 सुटले, तर रोख 1,862 नावे, सूट 3.50 नावे, विक्री 1,865.50 जमा. हे नाही केलं आणि किर्दीत विक्री 266.50 व रोख 266 असं लिहीत गेलात, तर प्रत्येक बॅगेला 50 पैशांनी नावे बाजू कमी पडत जाईल. आता तेरीज पूर्ण जुळली आहे म्हणजे बाबा रोखही 266.50 च लिहीत असतील आणि सुटलेले पैसे गल्ल्यात स्वतःचे टाकत असतील. विचारून बघ.

दारव्हा_कृषी_केंद्र
विचारलं. खिशातून टाकतात म्हणे.